प्रबंध तपासून देताना: दुरुस्ती कुठे संपते आणि लेखन कुठे सुरू होतं

मुंबईत प्रबंध तपासायचं काम बहुधा ओळखीतून येतं. कलिन्याला पीएच.डी. करणारी बहिणीची मैत्रीण असते, किंवा परळच्या एखाद्या कॉलेजात शिकवता शिकवता प्रबंध संपवायच्या मागे लागलेले सर असतात. ‘शुद्धलेखन तेवढं बघून द्या’ असं म्हणून ते व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतात. चांगलं मराठी येतं, व्याकरण पक्कं आहे, म्हणून आपण होकार देतो. पहिली चाळीस पानं होईपर्यंत दुसरी मागणी आलेली असते: ‘वाक्यं जरा नीट करा.’ त्यानंतर ‘निष्कर्ष थोडे वाढवा’ आणि शेवटी ‘सिमिलॅरिटी खाली आणून द्या’, म्हणजे इतरांच्या लेखनाशी सॉफ्टवेअरने दाखवलेलं साम्य कमी करून द्या. कुठे थांबायचं हे आधी ठरवलेलं नसेल, तर यातली प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा फक्त थोडीशीच पुढची वाटते.

हे काम नव्याने घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण मराठी माध्यमातल्या, सामाजिक शास्त्रांतल्या प्रबंधाचं घेतलं आहे, कारण मुंबईत मराठी संपादकाकडे तसेच प्रबंध जास्त येतात. इंग्रजी प्रबंधाला चुका वेगळ्या असतात, सीमा तीच असते.

सीमा ‘वाटेल तशी’ ठेवली तर काय होतं, हे ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या एका विद्यार्थ्याचा पदव्युत्तर निबंध १४ प्रूफरीडरांना तपासायला दिला होता. निबंध सगळ्यांना एकच, तरी कुणी ११३ ठिकाणी हात घातला, तर कुणी ४७२ ठिकाणी. काहींनी भाषेपलीकडे काही केलं नाही, काहींनी मांडणी आणि युक्तिवाद कसा सुधारावा याच्या लांबलचक सूचना केल्या. सगळे स्वतःला प्रूफरीडरच म्हणवत होते.

होकार देण्याआधी

पूर्ण फाइल मागू नका. मधल्या प्रकरणातली दहा पानं मागा, तीही विश्लेषणाच्या प्रकरणातली. प्रस्तावना बहुतेकांनी पुन्हा पुन्हा लिहिलेली असते, त्यामुळे तिच्यावरून काही कळत नाही. विश्लेषणात विद्यार्थ्याची स्वतःची भाषा दिसते. ती वाचून एकच प्रश्न स्वतःला विचारा: यातल्या चुका दुरुस्त केल्या की मजकूर उभा राहतो का? वाक्यावाक्याला ‘यांना नेमकं काय म्हणायचंय’ असा अंदाज बांधावा लागत असेल, तर तो मजकूर संपादनाला तयार नाही. तेवढं सांगून फाइल परत पाठवा. त्यांनी मार्गदर्शकांकडे बसून आणखी एक खर्डा करायला हवा. अशी फाइल घेतली तर अंदाज तुमचे होतात आणि प्रबंधही तुमचा होतो.

दुसरी गोष्ट मार्गदर्शकांच्या संमतीची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. त्यांनुसार विद्यार्थ्याला प्रबंधासोबत, हे काम आपण स्वतः केलेलं आणि मूळचं आहे, असं हमीपत्र द्यावं लागतं. मार्गदर्शकांनाही तशा अर्थाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तुमच्या कामामुळे या दोन सह्या खोट्या ठरता कामा नयेत. म्हणून विद्यार्थिनीला सांगा: ‘सरांना विचारून घ्या आणि त्यांचं उत्तर मला पाठवा.’ दोन ओळींचा ई-मेल पुरतो. ‘सरांना कशाला सांगायचं’ असं उत्तर आलं, तर काम न घेण्याला तेवढं कारण पुरेसं आहे. भाषा तपासून घेण्याला बहुतेक मार्गदर्शकांची हरकत नसते, उलट तेच पाठवतात. लपवावं लागणारं काम सहसा भाषेचं नसतं.

तिसरी गोष्ट, काय करणार आणि काय नाही हे लिहून पाठवा. करारनाम्याचा थाट नको, असा मेसेज चालतो:

‘मी शुद्धलेखन, विरामचिन्हं, व्याकरण, संज्ञांची एकवाक्यता, तक्ते आणि संदर्भांची मांडणी तपासेन. वाक्य अर्थ न बदलता सुटसुटीत होत असेल तर तसा बदल सुचवेन. आशय, युक्तिवाद, आकडे आणि निष्कर्ष यांत बदल करणार नाही, शंका असेल तिथे टिपण लिहीन. नवा मजकूर लिहून देणार नाही. सिमिलॅरिटी कमी करण्यासाठी वाक्यं फिरवून देणार नाही.’

ही रेघ काही माझी एकटीची नाही. ऑस्ट्रेलियातल्या संपादकांच्या आयपीएड या संस्थेने शोधप्रबंधांसाठी वेगळी तत्त्वं केली आहेत. त्यांतही व्यावसायिक संपादकाचं काम भाषा आणि प्रूफरीडिंगपुरतं ठेवलं आहे. रचना आणि आशय हा मार्गदर्शकांचा प्रांत.

पैशांबद्दल एवढंच की दर शब्दावर ठेवा, पानावर नको. पानावर ठेवला की बारा पॉइंटचा मजकूर दहाचा होऊन येतो. आणि ‘पास झाल्यावर उरलेले देते’ हा व्यवहार कधीच करू नका. निकालाशी तुमचे पैसे जोडले गेले की निष्कर्ष सुधारायला हात शिवशिवतात.

फाइल हातात आल्यावर

आधी मूळ फाइलची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. दुसऱ्या प्रतीवर काम करायचं.

मराठी प्रबंधात इथे एक अडथळा हमखास येतो. बरेच प्रबंध डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले असतात. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात, शोधही चालत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणून द्या, असं डीटीपीवाल्यालाच सांगायला लावा. मग रूपांतरातल्या चुका काढा. सगळ्यात जास्त सापडते ती ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ आणि ‘पुऱ्या’चं ‘पुर्या’ झालेली. इथे ‘र्या’ शोधून सगळीकडे एका फटक्यात ‘ऱ्या’ करायचा मोह टाळा. ‘कार्यालय’, ‘पर्याय’ आणि ‘मर्यादा’ या शब्दांतही ‘र्या’ आहे, आणि ‘काऱ्यालय’ छापून आलं तर ती चूक विद्यार्थिनीची नसेल. एकेक पाहत पुढे जा.

यानंतर वर्डमध्ये `Review` टॅबवर जाऊन `Track Changes` सुरू करा (`Ctrl+Shift+E`) आणि दृश्य `All Markup` ठेवा. एकही अक्षर याशिवाय बदलू नका, अगदी अनुस्वारसुद्धा. हे शिस्तीसाठी नाही. नोंद ठेवलेला प्रत्येक बदल विद्यार्थिनीला नाकारता येतो. ज्या बदलाची नोंद नाही, तो कुणाच्याही संमतीशिवाय प्रबंधात शिरतो.

पहिलं प्रकरण काहीही न बदलता वाचा आणि एका कागदावर शब्दसूची करा: ‘महिला’ की ‘स्त्रिया’, ‘उत्तरदाते’ की ‘प्रतिसादक’, ‘सुटी’ की ‘सुट्टी’, ‘टक्के’ की ‘%’. यांतला कुठला शब्द वापरायचा हे तुम्ही ठरवायचं नाही. ‘स्त्री’ आणि ‘महिला’ यांत काही अभ्यासक जाणीवपूर्वक निवड करतात. सूची विद्यार्थिनीला पाठवा, तिने खूण करून परत दिली की मगच ती सगळीकडे लावा.

एक परिच्छेद, ओळीओळीने

आता मुख्य काम. खालचा परिच्छेद मी बनवलेला आहे, पण असे परिच्छेद रोज हाती येतात. समजा, विषय भांडुपमधल्या घरकामगार स्त्रिया असा आहे आणि विश्लेषणाच्या प्रकरणात हे लिहिलंय:

> तक्ता क्रमांक ४.६ वरुन असे दिसून येते कि, एकूण १२० उत्तरदात्यापैकी ७४ (६३.८ टक्के) महीलांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. शिक्षणाच्या अभावामुळे त्यांना आपल्या हक्कांची जाणिव नाही हे यातून स्पष्ट होते. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, १९९८ अन्वये नोंदणी झालेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्य महिलांनी लाभ मिळाला नसल्याचे सांगितले असल्याचे आढळून आले.

सरळ दुरुस्त करायचं ते असं. ‘वरुन’चं ‘वरून’, ‘कि’चं ‘की’, ‘उत्तरदात्यापैकी’वर अनुस्वार, ‘महीलांना’चं ‘महिलांना’, ‘जाणिव’चं ‘जाणीव’. या चुकांमागे लेखननियम आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे, १९६२ साली शासनाने स्वीकारलेले आणि १९७२ साली भर पडलेले नियम सगळ्यांसाठी सारखे आहेत. ते लावताना कुणाचा विचार बदलत नाही. मात्र ते नीट माहीत हवेत. ‘जाणीव’ दुरुस्त केल्याच्या उत्साहात पुढच्या पानावरचं ‘जाणिवेतून’ही दीर्घ करणारे पुष्कळ असतात. तिथे सामान्यरूपात ऱ्हस्वच बरोबर आहे, जसं ‘फूल’ आणि ‘फुलाला’.

शेवटच्या वाक्यातलं ‘सांगितले असल्याचे आढळून आले’ इथे फक्त ‘सांगितले’ ठेवलं तरी चालतं. हा बदल मी सुचवते, कारण यात नवा शब्द येत नाही, तिचेच जादा शब्द जातात. साधारणपणे वाक्यातून काढणं आणि वाक्यातले तुकडे पुढेमागे करणं हे संपादन असतं. वाक्यात भर घालायची वेळ आली की हात थांबवायचा. या नियमाला अपवाद आहेत (राहून गेलेलं ‘ने’ किंवा ‘आणि’ घालावंच लागतं), पण नव्या माणसाने त्याच्या आधाराने चालावं.

आता आकडा. १२० पैकी ७४ म्हणजे ६१.७ टक्के होतात, इथे ६३.८ लिहिलंय. ही चूक इतकी उघड वाटते की लगेच दुरुस्त करावीशी वाटते. करू नका. टिपण लिहा: ‘१२० पैकी ७४ यांचे ६१.७ टक्के येतात. टक्केवारी कोणत्या संख्येवर काढली आहे? तक्ता ४.६ पाहावा.’ कारण ७४ ही संख्या ११६ ची ६३.८ टक्के आहे. चार बायकांनी या प्रश्नाला उत्तरच दिलं नसेल, आणि टक्केवारी उत्तर दिलेल्यांवर काढली असेल. मग चुकलेली असेल ती टक्केवारी नाही, ‘एकूण १२०’ हे शब्द. तुम्ही ६१.७ केलंत तर वाक्य आतून जुळेल, तक्त्याशी मात्र जुळणार नाही, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी बोट ठेवलं तर विद्यार्थिनीला तो आकडा आला कुठून हे सांगता येणार नाही.

कायद्याचं वर्षही तसंच. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ चा आहे. इथे १९९८ ही टाइप करतानाची चूक असेल, किंवा तिने एखाद्या चुकीच्या स्रोतावरून घेतलं असेल. दुसरी शक्यता असेल तर तीच चूक आणखी पाच ठिकाणी आणि संदर्भसूचीतही असणार. म्हणून टिपण: ‘अधिनियमाचे वर्ष मूळ प्रतीवरून तपासावे, माझ्या माहितीप्रमाणे २००८. इतर उल्लेखही पाहावेत.’ उत्तर सांगितलं तर हरकत नाही, पण ते मजकुरात बसवायचं काम तिचं.

‘बहुसंख्य’ला संख्या नाही. टिपण: ‘किती? तक्ता कोणता?’ एवढंच.

आणि आता अवघड ओळ: ‘शिक्षणाच्या अभावामुळे त्यांना आपल्या हक्कांची जाणिव नाही हे यातून स्पष्ट होते.’ व्याकरणात तिथे एका ऱ्हस्व-दीर्घापलीकडे काही चुकलेलं नाही. पण तक्ता ४.६ सुटीचा आहे. त्यात शिक्षण नाही आणि हक्कांची जाणीवही नाही. नवा संपादक इथे एकतर काहीच करत नाही, किंवा वाक्य सौम्य करून टाकतो: ‘शिक्षणाचा अभाव हेही यामागचे एक कारण असू शकते.’ हे दुसरं वाक्य वाचायला शहाणं वाटतं, आणि ते पूर्णपणे संपादकाचं आहे. तिने केलेला दावा काढून तिथे त्याने आपला दावा ठेवला.

टिपण असं लिहावं: ‘हा निष्कर्ष तक्ता ४.६ मधील कोणत्या माहितीवर आधारलेला आहे? शिक्षण आणि सुटी यांचा संबंध दाखवणारा तक्ता असल्यास येथे उल्लेख करावा. मार्गदर्शकांशी चर्चा करावी.’

यातून काय बाहेर येऊ शकतं ते पाहा. विद्यार्थिनी मुलाखतींच्या वह्या पुन्हा उघडते आणि तिच्या लक्षात येतं की दहावी झालेल्या बायकांनाही सुटी मिळत नाही. अडचण वेगळीच आहे. एकेक बाई चार-पाच घरी काम करते, रविवारी एका घरी सुटी मिळाली तरी दुसऱ्या घरी त्याच दिवशी पाहुणे असतात, म्हणून सगळ्या घरांची सुटी एकाच दिवशी कधी येतच नाही. हे तिच्या वहीत होतं. ती भांडुपच्या चाळींतून फिरली होती, तुम्ही नाही. तुमच्या ‘एक कारण असू शकते’ने तिला वही उघडायची गरजच ठेवली नसती.

ज्याला हात लावायचा नाही

प्रबंधात काही मजकूर विद्यार्थ्याचाही नसतो. मुलाखतीतली वाक्यं त्यातली पहिली. ‘मॅडम बोलल्या, सुट्टी घेतलीस तर पैसे कापणार’ असं एखादी बाई सांगते. ‘बोलल्या’चं ‘म्हणाल्या’ करावंसं वाटेल. पण मुंबईत असंच बोलतात, आणि ते वाक्य पुरावा आहे. मालवणी, आगरी, घाटावरची बोली, हिंदीमिश्रित मराठी, सगळं जसंच्या तसं ठेवायचं. फक्त लिप्यंतर सगळीकडे एकसारखं आहे का ते पाहा. तेही विद्यार्थिनीला विचारून, कारण ध्वनिमुद्रण तिच्याकडे आहे.

पुस्तकांतली अवतरणंही अशीच. जुन्या पुस्तकातल्या उताऱ्यात ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार असतील तर ते तसेच राहतात. अवतरण मुळाशी जुळतं का, असं टिपण टाकता येतं.

‘सिमिलॅरिटी कमी करून द्या’

ही मागणी सगळ्यात जास्त येते आणि तिचा भाव शब्दामागे ठरलेला असतो. ती नाकारताना कारण नीट सांगता आलं पाहिजे.

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांदरम्यान असेल तर ठरवून दिलेल्या, सहा महिन्यांहून जास्त नसलेल्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर तो सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. स्रोत देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाण समीकरणं हे मोजणीतून वगळायचं असतं. म्हणून १८ टक्के असा अहवाल घेऊन घाबरलेली विद्यार्थिनी आली तर आधी अहवाल नीट पाहायला सांगा. कायद्याची कलमं आणि संदर्भसूची त्यात मोजली गेली असतील, तर आकडा वगळणी केल्यावर आपोआप खाली येतो. ती गोष्ट ग्रंथालयात बसून तिनेच करून घ्यायची.

उरलेलं साम्य खरं असेल, तर त्याला दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. शब्दशः हवं असेल तर अवतरणचिन्हं आणि संदर्भ द्यायचा. नको असेल तर मूळ पुस्तक मिटून, समजलेलं स्वतः लिहायचं आणि तरीही संदर्भ द्यायचा. संपादकाने ‘महिला’च्या जागी ‘स्त्री’ आणि ‘अभ्यास’च्या जागी ‘अध्ययन’ घातलं, कर्तरी वाक्य कर्मणी केलं, तर यंत्राला ओळख पटत नाही, पण विचार ज्याचा होता त्याचाच राहतो. मोजमाप चुकवून दिलेलं असतं, एवढंच. शिवाय संज्ञा मोडतात. ‘उत्तरदाते’चे ‘प्रतिसाद देणारे’, मग ‘उत्तर देणाऱ्या व्यक्ती’ होत होत प्रकरणाच्या शेवटी तीन वेगळे गट असल्यासारखं वाचायला लागतं.

उचललेला मजकूर न सांगताही ओळखू येतो. पानापानावर ‘कि’ लिहिणाऱ्या माणसाचा एखादा परिच्छेद एकदम निर्दोष निघतो. देवनागरी आकड्यांमध्ये अचानक इंग्रजी आकडे येतात. शब्दाच्या मधोमध संयोगचिन्ह दिसतं, कारण छापील ओळ तिथे तुटली होती. प्रबंधभर नाव-वर्ष पद्धतीने संदर्भ आहेत आणि इथे मात्र चौकटी कंसात नुसता १२. यांपैकी कुठल्याही एका खुणेवरून आरोप करायचा नाही. टिपण एवढंच: ‘या परिच्छेदाची भाषा व संदर्भपद्धती इतरांहून वेगळी दिसते. स्रोत द्यायचा राहिला आहे का?’ आणि त्या परिच्छेदात शुद्धलेखनही तपासू नका, उत्तर येईपर्यंत. नाहीतर या खुणा तुम्हीच पुसून टाकता.

टिपणं कशी लिहावी

टिपणात उत्तराचं वाक्य देऊ नये. ‘येथे असे लिहावे: …’ अशी सुरुवात झाली की विद्यार्थिनी ते उचलून मजकुरात ठेवते आणि तुम्ही प्रबंध लिहिलेला असतो, फक्त समासातून. प्रश्न विचारा, जागा दाखवा, नियम सांगा. भाषेच्या बाबतीत मात्र एक उदाहरण दिलेलं चांगलं. तीच चूक प्रकरणात पंचवीस ठिकाणी असेल आणि ती वाक्यरचनेची असेल, तर पहिल्या दोन ठिकाणी दुरुस्ती दाखवून बाकीच्यांवर ‘वरीलप्रमाणे पाहावे’ असं टिपण लिहा. थोडा वेळ जास्त जातो, पण पुढच्या प्रकरणात ती चूक कमी झालेली दिसते.

काम करता करता आपण हद्द ओलांडतोय का, हे तपासायला एक साधी युक्ती आहे. दर प्रकरणानंतर `Review` मधल्या `Compare` ने मूळ फाइल आणि तुमची फाइल शेजारी लावा. पहिल्या प्रकरणात अक्षरं आणि अनुस्वार बदललेले दिसतात आणि चौथ्यात अख्ख्या ओळी लाल झालेल्या दिसतात, असं असेल तर थांबा. एकतर विद्यार्थिनीने ते प्रकरण घाईत लिहिलंय, म्हणजे ते तिच्याकडे परत जायला हवं, नाहीतर तुम्ही कंटाळून ‘यापेक्षा मीच लिहिते’ला पोहोचला आहात. दुसरी खूण विद्यार्थिनीच्या बाजूने मिळते. शंभर टिपणं पाठवली आणि एकाही टिपणाला प्रतिप्रश्न आला नाही, तर ती वाचत नाहीये, नुसती मान्य करत चाललीये. तेव्हा फोन करून कुठलेही तीन बदल निवडा आणि विचारा, हे का केलं असेल? सांगता आलं नाही, तर पुढचं प्रकरण हातात घेण्याआधी तिने मागचं वाचून यावं.

‘ताई, निष्कर्ष तेवढे तुम्हीच लिहा ना, तुम्ही सगळं वाचलंय’ हा फोन बहुतेक सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात येतो, आणि रात्री येतो. तिची नोकरी वसईला, घर डोंबिवलीला, मुलाची परीक्षा, हे सगळं खरं असतं. तिला इतकं नक्की देता येतं: ‘प्रत्येक प्रकरणातून तुला काय सापडलं ते मला फोनवर सांग, पण सांगताना स्वतः रेकॉर्ड कर. मग ते ऐकून लिही. लिहिलंस की मी तपासते.’ बोलताना तुम्ही प्रश्न विचारू शकता. उत्तर सुचवू नका, गप्प बसायला लागलं तरी चालेल. बऱ्याचदा दहा मिनिटांनी ती पाठवलेल्या मजकुरापेक्षा नेमकं बोलायला लागते.

भाषांतराबद्दलही हेच. प्रबंध मराठीत लिहून इंग्रजीत सादर करायचा असेल, तर इंग्रजीतलं प्रत्येक वाक्य भाषांतरकाराने लिहिलेलं असतं. ते संपादन नव्हे. मार्गदर्शकांना माहीत असेल आणि प्रबंधात तसा उल्लेख होणार असेल, तरच ते वेगळं काम म्हणून घ्यावं.

परत देताना

बदल दिसणारी फाइल द्या, स्वच्छ फाइल देऊ नका. `Accept All` दाबून सगळं एकदम मान्य करून द्या, असा आग्रह होईल, कारण एकेक बदल पाहायला दोन-तीन दिवस जातात. ते दोन-तीन दिवस तिनेच घालवायचे असतात. सबमिशनची तारीख विचारून त्याच्या निदान आठवडाभर आधी काम संपेल असं वेळापत्रक पहिल्याच दिवशी ठरवलं, तर हा वाद येत नाही.

ऋणनिर्देशात तुमचं नाव आणि कामाचं स्वरूप यावं, असं सांगा: ‘प्रबंधाची भाषा व मुद्रितशोधन … यांनी तपासले. आशय व निष्कर्ष माझे आहेत.’ प्रबंध पुढे शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात सगळ्यांना वाचायला खुला होतो, तेव्हा हे वाक्य तुम्हा दोघींच्या कामी येतं. विद्यापीठाचा किंवा संशोधन केंद्राचा स्वतःचा नमुना असेल तर तो पाळायचा.

मूळ फाइल, बदलांची फाइल, मार्गदर्शकांची संमती आणि कामाची व्याप्ती सांगणारा मेसेज, एवढं तोंडी परीक्षा होईपर्यंत जपून ठेवा. परीक्षकांनी सुधारणा सुचवल्या की फाइल बहुधा पुन्हा तुमच्याकडे येते, सोबत अहवालाचा फोटो असतो आणि ‘एवढं करून द्या’ असा निरोप. अहवाल वाचू नका. तिने सुधारणा करून, बदललेल्या पानांची यादी जोडून फाइल पाठवावी, आणि तुम्ही फक्त ती पानं तपासावीत, पहिल्यासारखीच `Track Changes` सुरू ठेवून.